पन्नाशीनंतरचा बेस: सुरकुत्यांत न साचणारं फाउंडेशन आणि पावडर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

लग्नसराई आणि नवरात्र जवळ आलं की हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते वाचकांनी विचारले तसेच ठेवले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लावताना बेस छान दिसतो. तासाभरानं मात्र डोळ्यांखाली आणि नाकाच्या बाजूच्या घडीत रेघा उमटतात. असं का होतं?

फाउंडेशन म्हणजे द्रवात मिसळलेले रंगाचे बारीक कण. लावल्यावर त्यातलं पाणी किंवा उडून जाणारं सिलिकॉन काही मिनिटांत निघून जातं आणि कातडीवर रंगाचा पातळ पापुद्रा उरतो. चेहरा मात्र दिवसभर हलत असतो. हसताना घडी मिटते तेव्हा दोन्ही काठांवरचा रंग आत ढकलला जातो, आणि घडी उघडली तरी तो परत जागेवर पसरत नाही. पापुद्रा जितका जाड, तितका आत जाणारा माल जास्त. पाळी गेल्यानंतर कातडीतलं तेल आणि ओलावा कमी होतो. डोळ्यांखालची कातडी तर मुळातच पातळ असते, त्यामुळे तिथं हे सगळ्यात आधी दिसतं.

उपाय करण्याआधी रेघ कोणत्या जातीची आहे ते बघा. आरशाजवळ जाऊन अनामिकेनं हलकेच पुसा. रेघ चकचकीत असेल आणि बोटाखाली सरकली तर ती ओली रेघ. खाली क्रीम, तेल किंवा फाउंडेशन गरजेपेक्षा जास्त झालं आहे. रेघ पांढरट, खवल्यासारखी असेल आणि बोटानं हलत नसेल तर ती कोरडी रेघ. तिथं पावडर जास्त झाली आहे किंवा कातडी आधीच कोरडी होती. बहुतेक जणी दोन्हींवर एकच इलाज करतात, आणखी पावडर थापतात. ओल्या रेघेला त्यानं तात्पुरता आधार मिळतो, कोरडी रेघ मात्र आणखी फाटते.

२. मग फाउंडेशन कोणतं घ्यायचं? मॅट की ड्युई?

दोन्ही टोकं टाळा. पूर्ण मॅट फाउंडेशनमध्ये तेल शोषणारे घटक जास्त असतात. कोरड्या कातडीवर ते सपाट, निर्जीव दिसतं आणि कोरडी रेघ लवकर देतं. फार ड्युई फाउंडेशन उशिरा बसतं किंवा पुरतं बसतच नाही, आणि कोल्हापूरच्या मे महिन्यात घामाबरोबर घडीत उतरतं. बाटलीवर सॅटिन किंवा नॅचरल फिनिश लिहिलेलं, पातळ, मध्यम झाकणारं फाउंडेशन या वयाला सगळ्यात सोयीचं.

मागची घटकांची यादीही वाचा. त्यात घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं दिलेले असतात. सुरुवातीलाच पाणी आणि त्यामागोमाग ग्लिसरीन असेल तर ते कोरड्या कातडीला बरं. सायक्लोपेंटासिलॉक्सेन किंवा डायमेथिकोन वर असेल तर ते गुळगुळीत पसरतं आणि बारीक रेषा भरल्यासारख्या दिसतात, पण खाली ओलावा पुरेसा हवा. कोरड्या कातडीसाठी स्टिक किंवा जाड क्रीमचं फाउंडेशन बरं वाटतं, पण त्यात मेण असतं. उन्हात ते मऊ होऊन सरकतं. संपूर्ण चेहऱ्याला ते नकोच, डागापुरतं वापरलं तर चालेल.

३. चोवीस तास टिकणारं फाउंडेशन घेतलं तर साचणार नाही ना?

टिकणं वेगळं आणि न साचणं वेगळं. दीर्घकाळ टिकणाऱ्या फाउंडेशनमध्ये पापुद्रा घट्ट करणारे रेझिनसारखे घटक असतात. घामानं ते वाहत नाही, ही खरी सोय. पण घट्ट पापुद्रा लवचिकपणात कमी पडतो. ज्या जागी चेहरा हजारदा दुमडतो तिथं तो तडकतो आणि तडा गेल्यावर दुरुस्तीही नीट होत नाही, कारण वरून लावलेला थर खालच्यात मिसळत नाही.

घाम फार येत असेल तर असं फाउंडेशन कपाळ, नाक आणि हनुवटीवर लावा. डोळ्यांखाली आणि हसण्याच्या घडीच्या आजूबाजूला प्रश्न २ मधलं सॅटिन फाउंडेशन ठेवा. दोन्हींची छटा जुळते का ते आधी हाताच्या आतल्या बाजूला शेजारी शेजारी लावून बघून घ्या.

४. दुकानात छटा बरोबर वाटते, घरी आल्यावर चेहरा राखाडी दिसतो. काय चुकतं?

दोन गोष्टी चुकतात, उजेड आणि घाई. महाद्वार रोड किंवा राजारामपुरीतल्या दुकानांत पांढऱ्या एलईडीचा झगमगाट असतो. त्यात फिकट छटा उजळ भासते आणि बाहेर आल्यावर तीच पिठूळ दिसते. मनगटावर तपासू नका, मनगट चेहऱ्यापेक्षा उजळ असतं. जबड्याच्या कडेला, गालापासून मानेकडे, तीन छटांचे बोटभर उभे पट्टे ओढा आणि दुकानाबाहेर उजेडात या. पंधरा-वीस मिनिटं इतर खरेदी करा. बरीच फाउंडेशनं हवेशी आणि कातडीच्या तेलाशी मिसळून थोडी गडद होतात. त्यानंतर जो पट्टा मानेत मिसळून गेला ती तुमची छटा.

आपल्याकडे बऱ्याच जणींचं कपाळ आणि ओठांभोवतीची कातडी गालापेक्षा गडद असते. छटा गालाशी जुळवू नका, मानेशी जुळवा. दोन छटांमध्ये अडकलात तर पिवळसर झाक असलेली घ्या. गुलाबी झाकेची फिकट छटा सावळ्या किंवा गव्हाळ वर्णावर राखाडी होते, आणि राखाडी रंग सुरकुतीची सावली उठून दाखवतो.

एक इथली अडचण: हळदीच्या दुसऱ्या दिवशी छटा तपासू नका. हळदीचा पिवळेपणा एक-दोन दिवस कातडीवर राहतो आणि निवड चुकते. मुलीच्या हळदीत आईच्या गालालाही हळद लागतेच. ती खोबरेल तेलानं आधी उतरवा, मग सौम्य फेसवॉशनं धुवा.

५. नेमकं किती फाउंडेशन लागतं?

पूर्ण चेहऱ्याला एक पंप, बाटलीला पंप नसेल तर वाटाण्याच्या दोन दाण्यांएवढं. यापेक्षा जास्त लागत असेल तर ते कव्हरेजसाठी नाही, डाग झाकण्यासाठी लागतं आहे. ती जबाबदारी कन्सीलरची (प्रश्न ७).

हाताच्या मागच्या बाजूवर काढून घ्या, थेट गालावर थेंब ठेवू नका. जिथं थेंब पडतो तिथं जाड थर बसतो. सुरुवात चेहऱ्याच्या मधून करा: नाकाच्या बाजू, गालाचा आतला भाग, हनुवटी. तिथून बाहेर कानाकडे नेताना ते आपोआप विरळ होतं. डोळ्यांखाली नव्यानं घेऊ नका, स्पंजवर जे उरलं आहे तेवढंच तिथं दाबा. ओठांच्या वरच्या उभ्या रेषांनाही तेच.

स्पंज ओला करून घट्ट पिळून घेतलेला असावा, नुसता दमट. तो जास्तीचा माल स्वतःत ओढून घेतो. घासू नका, उभा दाबा आणि उचला. ब्रश घासला की तो रंग घडीत सारतो, आणि साचण्याचं हे नेहमी नजरेतून सुटणारं कारण आहे. फाउंडेशन पसरल्यावर दोन मिनिटं थांबा, मग मोठ्यानं हसून चेहरा सैल सोडा. जिथं रेघ उमटली तिथं कोरड्या बोटाच्या टोकानं दाबून रंग दोन्ही बाजूंना पसरवा. पावडर त्यानंतर. पावडर बसल्यावर रेघ पसरवता येत नाही.

६. खाली क्रीम आणि सनस्क्रीन लावलं की फाउंडेशनच्या गोळ्या निघतात. कोणती वस्तू सोडू?

सनस्क्रीन सोडू नका. फाउंडेशनवर एसपीएफ लिहिलेला असला तरी एका पंपातून तेवढं संरक्षण मिळत नाही. चेहरा आणि मानेला सनस्क्रीन दोन बोटांच्या लांबीभर लागतं, आणि तेवढं फाउंडेशन लावलं तर प्रश्न १ मधली ओली रेघ ठरलेलीच.

गोळ्या येतात त्या घाईमुळे आणि घासण्यामुळे. धुतलेल्या चेहऱ्यावर ओलावा असतानाच वाटाण्याएवढं मॉइश्चरायझर लावा आणि पाच मिनिटं थांबा. मग सनस्क्रीन, आणि पुन्हा दहा ते पंधरा मिनिटं. या वेळात साडी नेसा, केस बांधा. बोट लावून बघा, कातडी चिकट नसावी, बोट थोडं अडखळावं. अजून ओशट असेल तर टिश्यूचा एकच पदर चेहऱ्यावर ठेवून दाबा आणि उचला. यानंतर फाउंडेशन घासलं नाही, दाबलं, की गोळ्या बहुधा थांबतात. तरीही निघाल्या तर क्रीम आणि सनस्क्रीनपैकी एकात जाड सिलिकॉन आहे आणि दुसरं पाण्याचं आहे. अशा वेळी मॉइश्चरायझर रात्रीसाठी ठेवा आणि दिवसा ओलावा देणारं सनस्क्रीन एकटंच वापरा.

डोळ्यांखालच्या क्रीमचं प्रमाण दोन्ही डोळ्यांना मिळून तांदळाच्या दोन दाण्यांएवढं. ते नेहमी जास्तच होतं आणि ओली रेघ तिथूनच सुरू होते.

७. गालांवर वांग आहे आणि डोळ्यांखाली काळं. पातळ फाउंडेशननं ते झाकत नाही. मग जाड थर द्यावाच लागतो ना?

चेहराभर नाही. वांगाचा डाग आहे तिथंच, आणि फाउंडेशननंतर. आधी फाउंडेशन लावल्यावर निम्मं काम होऊन गेलेलं असतं. उरलेल्या डागावर टोकदार ब्रशनं कन्सीलर ठेवा, मिनिटभर वाळू द्या आणि फक्त कडा बोटानं विरवा. मधला भाग हलवला की झाकणं जातं.

डोळ्यांखालच्या काळेपणाला मात्र आधी रंग खोडायचा असतो. पीच किंवा फिक्या नारिंगी रंगाचा करेक्टर निळसर-तपकिरी सावली मारतो. गव्हाळ वर्णाला पीच, सावळ्याला नारिंगी. तो फक्त सावलीच्या खोल भागात, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याजवळ, हलक्या हातानं ठेवायचा. मग कन्सीलर अगदी कमी लागतो, आणि रेषांत साचायला माल उरत नाही. कन्सीलर चेहऱ्याच्या छटेपेक्षा अर्धी छटाच उजळ असावा. दोन छटा उजळ घेतला तर फुगलेली पिशवी आणि तिच्याखालची घडी दोन्ही ठळक होतात.

डोळ्यांखालचं काळं खरं तर खोलगट जागेची सावली असेल तर कन्सीलरनं ते जाणार नाही. ओळखायला आरशासमोर हनुवटी वर करा. उजेड समोरून पडल्यावर काळं नाहीसं झालं तर ती सावली आहे. मग त्या जागी कमीत कमी लावा.

८. प्रायमर लागतोच का?

नाही. सिलिकॉनचा प्रायमर रेषांत भरून त्या थोड्या बुजवतो, पण तोही एक थर आहे. लावायचाच असेल तर मूगडाळीच्या दाण्याएवढा, आणि फक्त नाकाशेजारच्या घडीच्या वरच्या टोकाला किंवा छिद्रं मोठी दिसतात तिथं. डोळ्यांखाली नको. मॉइश्चरायझर नीट लावलं असेल तर फरक फारसा पडत नाही, असं आमचं मत आहे.

९. पावडर कोणती घ्यावी? घरातली टाल्कम चालेल का?

टाल्कम अंगासाठी आहे. तिचा कण चेहऱ्याच्या पावडरीपेक्षा भरड असतो, सुगंध तीव्र असतो आणि चेहरा पांढुरका होतो. कोरड्या रेघेचं सर्वांत सोपं कारण तीच.

चेहऱ्यासाठी तीन प्रकार भेटतात. पहिला सुटी, म्हणजे लूज पावडर. ती सगळ्यात बारीक आणि हलकी, या वयाला सर्वांत चांगली. रंगहीन म्हणजे ट्रान्सल्युसंट घ्या, पण सावळ्या वर्णावर पांढरी ट्रान्सल्युसंट पिठूळ दिसते. त्यांनी पिवळसर किंवा पीच झाक असलेली घ्यावी. दुसरा कॉम्पॅक्ट. त्याची वडी दाबून बसवताना तेलकट बंधक घातलेलं असतं. पर्समध्ये तो सोयीचा, पण एकदा लावला तर एकच, दुसऱ्यांदा फक्त नाकावर. तिसरा टू-वे केक. तो ओला आणि कोरडा दोन्ही वापरता येतो, म्हणजे तो खरं तर दाबलेलं फाउंडेशनच आहे. फाउंडेशनवर तो लावणं म्हणजे फाउंडेशनचे दोन थर देणं. एरवी कोणी फाउंडेशनच लावत नसेल तर तो एकटा, दमट स्पंजनं, ठीक चालतो.

चकाकी असलेली पावडर, तिला हायलाइटिंग म्हणा किंवा ग्लो, सुरकुतीच्या काठावर उजेड परावर्तित करते. रेघ त्यानं खोल दिसते. सपाट कपाळावर एखाद्या वेळी बरी, डोळ्यांखाली कधीच नाही.

१०. पावडर कुठं लावायची आणि कुठं नाही?

जिथं चमक येते तिथं लावायची: नाकाचा दांडा आणि बाजू, कपाळाचा मध्य, हनुवटी. जिथं चेहरा दुमडतो तिथं कमीत कमी. गालाच्या वरच्या बाजूला आणि कानशिलाला पावडर नसली तरी काही बिघडत नाही. उलट तिथली साधी ओलसर चमक चेहरा जिवंत ठेवते.

सुटी पावडर झाकणात चिमूटभर काढा. मखमली पफ किंवा लहान मऊ ब्रश त्यात टेकवा, झाकणाच्या कडेवर झटका. पफ हाताच्या मागच्या बाजूला दाबून बघा, ठसा पांढरा उमटला तर अजून झटका. मग नाक आणि कपाळावर दाबा, घासू नका. डोळ्यांखाली घ्यायचं असेल तर वर बघत, पफवर उरलेल्या जवळजवळ न दिसणाऱ्या पावडरीचं फक्त एक दाबणं. हसण्याच्या घडीत पावडर घालताना गाल फुगवा किंवा तोंड बंद ठेवून जीभ आतून घडीला टेकवा. कातडी ताणली जाते आणि पावडर खोलात न जाता पसरते.

११. पार्लरमध्ये डोळ्यांखाली जाड पावडर दहा मिनिटं ठेवून मग झटकतात. घरी करू का?

त्याला बेकिंग म्हणतात. तरुण, तेलकट, गुळगुळीत कातडीवर आणि स्टेजच्या लांबच्या उजेडात ते चालतं. पन्नाशीनंतर डोळ्यांखाली करू नका. पावडर तिथला ओलावा आणि तेल शोषते, वरचा थर भेगाळतो, म्हणजे प्रश्न १ मधली कोरडी रेघ तुम्ही स्वतः तयार करता. पार्लरमध्ये बसल्यावर स्पष्ट सांगा, "डोळ्यांखाली बेकिंग नको, पावडर एकदाच दाबा." ऐकून घेतात.

१२. लग्नाच्या फोटोत आमच्या आईसाहेबांचा चेहरा पांढरा आला, मान सावळीच. असं का?

फ्लॅशमध्ये. खूप बारीक सिलिका असलेली पावडर फ्लॅशचा उजेड थेट कॅमेऱ्याकडे परत पाठवते. टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड जास्त असलेलं सनस्क्रीन किंवा फाउंडेशनही हेच करतं. उघड्या डोळ्यांनी काहीच दिसत नाही. आदल्या आठवड्यात संध्याकाळी खोलीतला दिवा बंद करून संपूर्ण मेकअपवर मोबाइलचा फ्लॅश लावून फोटो काढा. चेहरा मानेपेक्षा उजळ आला तर आधी पावडर बदलून बघा, नंतर सनस्क्रीन. छटाच चुकलेली असेल तर प्रश्न ४.

१३. मे महिन्यात दुपारी साडेबाराचा मुहूर्त, कार्यालयात एसी नाही. ५८ वर्षांच्या वधूमाईंनी सकाळपासून काय करावं?

गालाची कातडी कोरडी, नाक तेलकट, डोळ्यांखाली बारीक जाळी आणि नाकापासून ओठापर्यंत खोल घडी, अशी साधारण कातडी धरून सांगतो.

सकाळी आठला गार पाण्यानं चेहरा धुवायचा. टॉवेलनं टिपून ओलसर ठेवायचा आणि वाटाण्याएवढं मॉइश्चरायझर लावायचं. पाच मिनिटांनी दोन बोटांएवढं सनस्क्रीन, चेहरा आणि मानेला. आता नऊवारी नेसायची, नातेवाइकांचा चहा होऊ द्यायचा. साडेनऊला नाक आणि कपाळ टिश्यूनं टिपून घ्यायचं. मेकअप साडेनऊनंतरच, कारण आठला केलेला बेस मुहूर्तापर्यंत साडेचार तास घामात भिजतो.

नाक, कपाळ आणि हनुवटीवर टिकणाऱ्या फाउंडेशनचा अर्धा पंप. गाल आणि डोळ्यांखाली सॅटिन फाउंडेशनचा जेमतेम अर्धा पंप, उरलेल्यातूनच डोळ्यांखाली. दोन मिनिटं थांबून हसून बघायचं, रेघ बोटानं पसरवायची. मग पावडर फक्त नाक, कपाळ, हनुवटीवर. घडीत आणि डोळ्यांखाली पावडर नसली तरी चालेल, उलट चांगलंच. नथ घालणार असाल तर ओठाच्या वरच्या भागात फाउंडेशन नावापुरतंच ठेवा. नथ हलते, घासते आणि तिथला रंग पुसून पांढरट खूण उठवते.

टिकली पावडरवर चिकटत नाही. कपाळाच्या मध्यावर रुपयाएवढी जागा फाउंडेशन-पावडरीशिवाय सोडा, किंवा कापसाच्या काडीनं पुसून घ्या. पिंजर लावणार असाल तर खाली मेणाचा ठिपका आधी बसवा, म्हणजे लाल कण सुटून नाकावर पडत नाहीत.

अकराला एकदा, अक्षता पडण्याआधी एकदा आणि जेवणानंतर एकदा आरसा बघा. घाम दिसला की रुमालानं पुसू नका, टिश्यू दाबा. त्यानंतर गरज वाटली तरच पावडर, आणि तीही फक्त नाकावर. न टिपता पावडर लावली की घाम आणि पावडर मिळून खळ होते, आणि ती थेट घडीत उतरते.

१४. आधीच साचलं असेल आणि मेकअप उतरवायला वेळ नसेल तर?

ओली रेघ असेल तर स्वच्छ कोरड्या बोटानं किंवा कापसाच्या काडीनं रेघेच्या बाजूबाजूनं लाटा, जास्तीचं उचलून घ्या आणि काठ स्पंजनं दाबून जुळवा. नवं काही लावू नका.

कोरडी रेघ असेल तर तळहातावर मॉइश्चरायझरचा मुगाएवढा ठिपका घ्या, तो अनामिकेनं चोळून जवळजवळ संपवा आणि ओशट राहिलेलं बोट फक्त रेघेवर दाबा. अर्धा मिनिट थांबा, पावडर त्या ओलाव्यात विरते. मग दमट स्पंजनं एक दाबणं. तेल वापरू नका. तेल थर फोडून खाली वाहतं.

दोन-तीन वेळा दाबूनही तडा राहिला तर तेवढाच भाग मेकअप वाइपनं काढा, ओलसर करा, दोन मिनिटांनी अगदी पातळ फाउंडेशन स्पंजनं लावा. एका डोळ्याखाली केलं तर दुसऱ्याखालीही करा, नाहीतर दोन्ही बाजूंचा रंग वेगळा दिसतो.

१५. सेटिंग स्प्रेनं पावडरीचा पिठूळपणा जातो का?

थोडा जातो, कारण फवाऱ्याचा ओलावा पावडर खाली दाबतो. पण मद्यार्क जास्त असलेला स्प्रे कोरडी कातडी आणखी ओढून घेतो. यादीत अल्कोहोल पहिल्या दोन-तीन नावांत असेल तर टाळा. हातभर अंतरावरून दोन फवारे, मग डोळे मिटून अर्धा मिनिट. डबडबून फवारलं तर रंग ओघळून घडीत जातो. साचणं थांबवण्याचं काम स्प्रेचं नाही.

१६. पावसाळा आणि थंडीत एकच फाउंडेशन चालेल का?

फाउंडेशन चालेल, खालची तयारी बदला. जून ते सप्टेंबर हवा दमट असते, घाम वाळत नाही. तेव्हा मॉइश्चरायझर निम्मं करा आणि पावडर नाकापुरती ठेवा. डिसेंबर-जानेवारीत पहाटेची हवा कोरडी असते, ओठांभोवती कातडी तडतडते. तेव्हा मॉइश्चरायझर लावून पाच नाही, दहा मिनिटं थांबा आणि पावडर जवळजवळ बंद करा. पावसाळ्यात ओला स्पंज डबीत बंद करून ठेवू नका, त्यात बुरशी धरते. दर वापरानंतर साबणानं धुवून पंख्याखाली वाळवा, दोन-तीन महिन्यांत बदला.

१७. माझी कातडी तेलकट आहे, पण सुरकुत्याही आहेत. वरचं सगळं मला लागू पडतं का?

प्रमाण आणि दाबण्याची पद्धत लागू पडते, पावडरीचा क्रम बदलतो. तुमच्याकडे ओली रेघ जास्त येणार. मॉइश्चरायझर जेलचं घ्या. सनस्क्रीन बसल्यावर, फाउंडेशनच्या आधी, नाक आणि कपाळावर अगदी थोडी सुटी पावडर दाबा आणि नंतर फाउंडेशन. खालची पावडर तेल आधीच धरून ठेवते, म्हणून वर कमी लागते. हसण्याच्या घडीवर मात्र तेलकट कातडीलाही पावडर एकदाच.

१८. चेहऱ्यावर लव आहे, त्यावर पावडर दिसते. थ्रेडिंग लग्नाच्या दिवशी केलं तर?

त्या दिवशी नको. कातडी लालसर आणि थोडी सुजलेली असते, फाउंडेशन झोंबतं आणि एकसारखं बसत नाही. दोन दिवस आधी करा. काढायचीच नसेल तर फाउंडेशन लवीच्या दिशेनं, वरून खाली, दाबत न्या आणि गालावर पावडर लावू नका.

१९. रात्री रेटिनॉल लावते, कातडी सोलते. फाउंडेशन पापुद्र्यांवर चिकटतं.

सोलणारी कातडी झाकता येत नाही, फाउंडेशन प्रत्येक पापुद्र्याला वेगळं दाखवतं. कार्यक्रमाच्या पाच-सहा दिवस आधीपासून रेटिनॉल बंद ठेवून साधं जाड मॉइश्चरायझर लावा. डॉक्टरांनी औषध म्हणून दिलं असेल तर त्यांना विचारूनच. कार्यक्रमाच्या सकाळी दाणेदार स्क्रबनं पापुद्रे घासून काढू नका. लाल चट्टे उठतात आणि त्यावर मेकअप आणखी चुकतो.

२०. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. महिन्याभरात भाचीचं लग्न आहे. डोळ्यांखाली लावू का?

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय डोळ्यांजवळ काहीही नको. सुटी पावडर हवेत उडते आणि डोळ्यात जाते. ती परवानगी मिळेपर्यंत पावडरच वापरू नका. फाउंडेशन गालाच्या हाडाच्या खालीच थांबवा, कडा स्पंजनं विरवा आणि चष्म्याची फ्रेम डोळ्यांखालचा भाग झाकू द्या. चष्मा नाकावर टेकतो तिथं फाउंडेशन लावू नका, फ्रेमच्या पॅडनं तिथं हमखास गोल खुणा उमटतात.

२१. पाच वर्षांपूर्वीची बाटली निम्मी शिल्लक आहे. वापरू का?

नको. बाटलीवर उघड्या डबीचं चिन्ह आणि १२ एम किंवा १८ एम असं असतं, ते उघडल्यापासूनचे महिने. त्याआधीच वर तेल वेगळं झालं, हलवूनही एकजीव होत नसेल, किंवा आंबट वास आला तर टाकून द्या. वेगळं झालेलं फाउंडेशन चेहऱ्यावर एका जागी तेल आणि दुसऱ्या जागी नुसता रंग सोडतं. पावडर जास्त टिकते, पण कॉम्पॅक्टच्या वर कठीण, चकचकीत साय धरली असेल तर ती चेहऱ्याच्या तेलाची असते. ती सुरीनं हलकेच खरवडून काढा आणि पफ धुऊन वाळवा.